पिशवी मागवण्याआधी गुठळी पाहा

हृदयाचे ऑपरेशन आटोपते, छातीला टाके पडतात, तरी नळीतून रक्त येतच राहते. मग बाहेर बसलेल्या नातेवाइकांना निरोप येतो, "आणखी चार पिशव्या प्लाझ्मा आणा." मुलगा रक्तपेढीकडे धावतो, पुतण्या रक्तदाते शोधू लागतो. त्या पिशव्यांचा उपयोग होणार की नाही, हे मात्र पुष्कळदा अंदाजावरच ठरते. आमचे म्हणणे असे, की जेथे अशी मोठी ऑपरेशने होतात तेथे हा अंदाज आता टाळता येतो आणि टाळलाच पाहिजे.

नेहमीच्या तपासणीत रक्तातील पेशी बाजूला काढतात आणि उरलेल्या द्रवात गोठण्याचा पहिला धागा किती सेकंदांत धरतो ते मोजतात. अहवाल हाती यायला पाऊण तास, कधी तासही लागतो. शिवाय धागा धरला एवढेच त्यातून कळते. पुढे गुठळी घट्ट झाली की विरघळून गेली, ते कळत नाही.

दही लागले का, हे आपण भांडे जरा हलवून पाहतो. दूध हिंदकळते, लागलेले दही भांड्याबरोबर हलते. हीच युक्ती जर्मनीतील हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ साली रक्तासाठी वापरली. थ्रोम्बोइलास्टोग्राफी, म्हणजे 'टीईजी', असे तिचे नाव. मूळ पद्धतीच्या यंत्रात चमचाभरही नाही एवढे रक्त छोट्या कपात घेऊन ३७ अंशांवर ठेवतात. कप सावकाश डावी-उजवीकडे फिरतो आणि आत एक बारीक दांडी लोंबत असते. रक्त पातळ असेपर्यंत दांडी स्थिर राहते. गुठळी धरू लागली की ती कपाबरोबर ओढली जाते आणि पडद्यावरच्या सरळ रेषेच्या दोन फाकी होतात. फाकी उशिरा झाल्या तर गोठण्याची सुरुवात उशिरा. फाकींमधले अंतर कमी तर गुठळी कमकुवत. रुंद होऊन पुन्हा जवळ आल्या, तर गुठळी विरघळते आहे.

समजा, साठीच्या एका गृहस्थांची बायपास झाली. हृदय-फुप्फुसाच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध द्यावे लागते आणि शेवटी प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम उतरवतात. तरीही नळीतून तासाला अडीचशे मिलिलिटर रक्त येत आहे. भूलतज्ज्ञ दोन कप लावतात. एक साधा. दुसऱ्यात हेपॅरिन नष्ट करणारे द्रव्य असते. साध्या कपात गोठण्यास सुरुवात व्हायला १४ मिनिटे लागली, दुसऱ्यात ७. दोन्हींत गुठळी पुढे चांगली घट्ट झाली. निदान पाव तासात झाले. रक्तात हेपॅरिन उरले आहे, म्हणून थोडे प्रोटामिन आणखी द्यायचे. येथे प्लाझ्माच्या चार पिशव्या दिल्या असत्या तर काही साधले नसते, कारण प्लाझ्मा हेपॅरिनला उतारा नाही. उलट ज्या प्रथिनाच्या मदतीने हेपॅरिन काम करते, ते प्रथिन प्लाझ्मातूनच आणखी मिळते.

आता याच गृहस्थांच्या दोन्ही कपांतील आकृत्या वेळेवर, रुंद आणि व्यवस्थित आल्या असत्या तर? मग रक्ताची गोठण्याची शक्ती शाबूत आहे आणि एखादी रक्तवाहिनी उघडी राहिली असण्याचा संशय बळावतो. तिला पिशवी नव्हे, टाका हवा. अशा वेळी पिशव्या चढवत बसणे म्हणजे छाती पुन्हा उघडण्याचा निर्णय लांबवणे.

या परीक्षेच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. ॲस्पिरिनने प्लेटलेट मंदावले असले तरी साध्या टीईजीत आकृती चांगली दिसते, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. नमुना ३७ अंशांवर तपासला जातो, त्यामुळे रोगी थंड पडला असेल तर ते आकृतीत दिसत नाही. गुठळी विरघळते का, हे नीट कळायला अर्धा-पाऊण तास थांबावे लागते. आणि धो-धो रक्त जात असेल तेव्हा आकृतीची वाट पाहायची नसते. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात या परीक्षेने रक्त कमी चढवावे लागते असे आढळले, पण पुरावा कच्चा असल्याचेही त्यात नमूद आहे.

यंत्र महाग आहे आणि प्रत्येक कपाचा खर्च होतो, हा आक्षेप खरा. पण नको असलेली पिशवीही फुकट नसते. प्लाझ्माने क्वचित फुप्फुसे सुजतात, आणि ती पिशवी कोणीतरी रांगेत उभे राहून दिलेली असते. घरातल्या कोणाच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले असेल, तर डॉक्टरांना आदराने एवढेच विचारा : "रक्तस्राव थांबला नाही, तर काय द्यायचे ते आपण कशावरून ठरवता?"