"खाद्य लागतच नाही" म्हणणाऱ्याला आधी मे महिन्यात आमच्या रानात उभं करा

गेल्या आठवड्यात वस्तीवर पिल्लं विकणारी गाडी आली होती. "दुहेरी उपयोगाची जात आहे, अंडीबी अन् मटणबी. सोडून द्या, खाद्य लागत नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण तीन वर्षांपूर्वी मी ह्याच वाक्यावर तीस पक्षी घेतले होते.

पक्षी वजनदार होते. तेव्हा मला त्याचंच कौतुक वाटलं. पण मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीला वजन म्हणजे ओझं. कुत्रं मागं लागलं की तिला पळवत नाही, उडून कुपाटीवर बसवत नाही. वर मोठ्या अंगाला पोसायला दाणाही जास्त लागतो. पोटभर घातलं तर चरबी धरून अंडी कमी, नाही घातलं तर अंडी बंद. वर्षाअखेर तीसातले तेरा कुत्र्या-मुंगसानं आणि उन्हानं गेले.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: आधी परसातला चारा मोजा, मग जात निवडा.

आपल्या सोलापूर भागात ज्वारीची रास होते तेव्हा खळ्यावर सांडलेला दाणा असतो. पावसाळ्यात किडे आणि कोवळं गवत असतं. पण एप्रिल-मेमध्ये रानात काय आहे? ढेकळं. अशा ठिकाणी हलक्या अंगाची, चपळ कोंबडी टिकते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या दोन्ही जाती परसासाठीच आहेत, पण एकसारख्या नाहीत. वनराजा अंगानं भारी, मटणाकडं झुकलेली. ग्रामप्रिया हलकी, अंड्याकडं झुकलेली. परसात नीट सांभाळली तर वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. घरचं धान्य भरपूर असेल आणि कोंबडे विकायचे असतील तर वनराजा घ्या, माझी ना नाही. कोरडवाहू वस्तीवर मात्र मी ग्रामप्रियाच सांगेन.

"गावरानच खरी" म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. गावरान काटक आहे, पण वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर थांबते. तिचा खरा गुण म्हणजे ती खुडूक होऊन पिल्लं काढते. ग्रामप्रिया सहसा खुडूक बसत नाही, आणि तिच्या घरच्या पिल्लांत आईइतकी अंडी उतरत नाहीत. म्हणून माझ्याकडं आता अठरा ग्रामप्रिया अन् दोन गावरान आहेत. ग्रामप्रियाची पिल्लं नवीन आणायची. सहा आठवडे ऊब देऊन, पिल्लांचं खाद्य घालून वाढवायची, मगच सोडायची. एक दिवसाचं पिल्लू परसात सोडणं म्हणजे घारीला जेवण.

आता खाद्य. संध्याकाळी कोंबड्या परत आल्या की दोन-चार धरून गळ्याखालची पिशवी चाचपा. टम्म भरलेली असेल तर मूठभर कमी घाला. मऊ, रिकामी लागली तर रानात काही मिळालं नाही असं समजा. मी सरासरी कोंबडीमागं ३५ ग्रॅम धरतो, म्हणजे वीस कोंबड्यांना रोज ७०० ग्रॅम, महिन्याला २१ किलो. उन्हाळ्यात हेच जवळपास दीडपट होतं. नुसती ज्वारी किंवा मका घालू नका. किडे नसतात तेव्हा प्रथिनं कमी पडतात, म्हणून चौथा हिस्सा शेंगदाणा पेंड मिसळा. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती कोंबड्या पोचणार नाहीत अशी टाकून द्या, कोंबडीला नको. कवच पातळ येऊ लागलं की शिंपल्याची चुरी वेगळ्या भांड्यात ठेवा.

दाणा सकाळी नाही, संध्याकाळी, आणि खुराड्यातच घालायचा. सकाळी घातला तर कोंबडी दारातच घुटमळते. संध्याकाळी घातला तर दिवसभर चरते आणि अंधार पडायच्या आत आपणहून आत येते.

खुराडं वीस पक्ष्यांना सहा फूट बाय चार फूट पुरतं, पण फक्त रात्रीपुरतं. जमिनीपासून दोन फूट उंच घ्या, आत बसायला आडव्या दांड्या लावा. मोठ्या भोकाच्या जाळीनं मुंगूस अडत नाही. अर्ध्या इंचाची जाळी लागते. दोन बाजू जाळीच्याच ठेवा, हवा खेळली पाहिजे. पत्रा असेल तर वर कडबा अंथरा, नाहीतर मे महिन्यात रात्रीसुद्धा कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात.

आणि मानमोडी. काटक जात असली तरी ती सोडत नाही. घेताना लासोटा झालीय का विचारा, आठव्या आठवड्यात आरटूबी टोचून घ्या.

पुढच्या वेळी गाडीवाला आला तर त्याला एवढंच विचारा: "सहा महिन्यांनी मादीचं वजन किती भरतं?" अडीच किलोच्या वर सांगून मिरवायला लागला, की पिल्लं परत गाडीत ठेवा.