बिल पूर्ण भरलं, तरी व्याज कुठनं आलं?

मंडळी, आपल्या केममधला एक ओळखीचा, कुंकवाचा छोटा धंदा करणारा गडी काल मोबाईल घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, क्रेडिट कार्डाचं बिल वेळेत, पूर्ण भरलं. तरी परत व्याज लावलंय. ही लूट छापा."

हिशोब मांडून बघितला. ५ मे रोजी मजुरांच्या पगारासाठी त्यानं एटीएममधून क्रेडिट कार्डावर २०,००० रुपये काढले. फी अडीच टक्के, म्हणजे ५०० रुपये. तिच्यावर जीएसटी ९०. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे दिवसाला साधारण २३ रुपये. २० मेला बिल निघालं, त्यात पंधरा दिवसांचं व्याज जीएसटीसह ४०७. एकूण बिल २०,९९७. ९ जूनच्या मुदतीला त्यानं सगळं भरलं. पण २० मे ते ९ जून हे वीस दिवस व्याज चालूच होतं. ते ५४३ रुपये पुढच्या बिलात आले.

म्हणजे ३५ दिवसांसाठी १,५४० रुपये. वर्षाच्या हिशोबानं ऐंशी टक्के!

घोळ इथं आहे. दुकानात कार्ड घासलं आणि बिल मुदतीत पूर्ण भरलं तर व्याज नसतं. रोख काढली की ही सवलत नाही, मीटर त्याच दिवशी सुरू. आपल्याकडं शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्डावर एटीएममधून पैसे काढायची सवय. नावात दोन्हीकडं 'क्रेडिट कार्ड', पण ते स्वस्त पीककर्ज आणि हे सगळ्यात महाग कर्ज.

आता माझा सवाल. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. जास्त घेतलं तर गुन्हा. बँकेला हा कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तीही सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला रद्द केली. का, तर व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय. ठीक आहे, मग रिझर्व्ह बँकेनं बोलावं!

बँकवाले म्हणतील, अटीत लिहिलंय. लिहिलंय, पण बारीक इंग्रजीत. नोटा बाहेर यायच्या आधी स्क्रीनवर मराठीत दोन ओळी दाखवा: 'फी ५९० रुपये, व्याज आजपासून.' एवढं वाचून किती जण बटण दाबतील?

तोवर एवढं करा. रोख काढलीच असेल तर बिलाची वाट बघू नका, हातात पैसे आले की त्याच दिवशी भरा, रोजचे २३ वाचतील. आणि बँकेला सांगून कार्डाची रोख मर्यादा शून्य करता येते का, ते विचारा.

अजून कुणाच्या बिलात असं 'परत आलेलं' व्याज आहे? कमेंटमध्ये आकडे टाका. कार्ड नंबर मात्र टाकू नका.