साठ रुपयांचे शुल्क, शहाऐंशी टक्क्यांचे कर्ज

लवासात पर्यटक दर शनिवार-रविवारी येतात. तिथल्या हॉटेलात राबणाऱ्या तरुणाचा पगार मात्र महिन्यातून एकदाच येतो. पंचवीस तारखेच्या आसपास खिसा रिकामा होतो आणि मोबाइलवरचे ॲप सांगते: तुमचाच पगार आधी घ्या, व्याज शून्य, फक्त सेवा शुल्क. व्याज टाळू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना ही ओळ दिलासा देते. म्हणूनच तिचा हिशेब मांडायला हवा.

समजा, त्याने पगाराच्या 10 दिवस आधी 3,000 रुपये उचलले. शुल्क 60 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी; एकूण 70 रुपये 80 पैसे. म्हणजे 2.36 टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण तो 10 दिवसांचा आहे. वर्षात असे साडेछत्तीस टप्पे बसतात. 2.36 ला 36.5 ने गुणा: वर्षाला 86 टक्के. महाग समजले जाणारे क्रेडिट कार्डही थकबाकीवर साधारण 40 ते 45 टक्के घेते. हीच रक्कम पगाराच्या 5 दिवस आधी उचलली, तर शुल्क तेवढेच राहते आणि दर 172 टक्क्यांवर जातो.

‘मी कुठे वर्षभर पैसे वापरतो?’ असे कुणी म्हणेल. एकदाच घेतले तर 71 रुपयेच जातात, हे खरे. पण पुढचा पगार 3,071 रुपयांनी कमी हाती येतो, महिनाअखेर तोच खड्डा पडतो आणि पुन्हा ॲप उघडावे लागते. बारा महिन्यांत 850 रुपये जातात आणि खड्डा होता तेवढाच राहतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने करारापूर्वीच वार्षिक दर लेखी दाखवायचा असतो. पडद्यावर तो APR या नावाने शोधा. ‘हे कर्ज नव्हे, कमावलेला पगार आहे’ असे म्हणणाऱ्या ॲपवर तो आकडा दिसला नाही, तर स्वतः काढा: शुल्क भागिले रक्कम, गुणिले 365, भागिले दिवस, गुणिले 100.

आणखी एक कसोटी आहे. 3,000 ला 60 आणि 6,000 ला 120 रुपये पडत असतील, तर ती सेवेची किंमत कशी? खात्यात पैसे पाठवण्याचा खर्च रकमेबरोबर दुप्पट होत नाही. रकमेबरोबर वाढणारे शुल्क ही पैशाचीच किंमत असते, नाव काहीही द्या.

ॲपआधी मालकाकडे बिनव्याजी उचल मागून पाहावी. आणि दहा सहकाऱ्यांनी एकदाच 300 रुपये बाजूला ठेवले, तर 3,000 ची पेटी तयार होते. गरजू उचलतो, पगार होताच तेवढेच परत ठेवतो. कर्ज-ए-हसना म्हणतात ते हेच. त्याचा वार्षिक दर शून्य.