नानीचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात?

आपल्या घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाचं एटीएम कार्ड आज कुणाकडे आहे, हे जरा आठवून बघा. बहुतेक घरांत उत्तर एकच येईल: मुलाकडे, नातवाकडे, नाहीतर गल्लीतल्या भरवशाच्या पोराकडे. पिन त्याला पाठ असतो. महिन्याच्या सुरुवातीला तो पैसे काढून आणतो आणि दादीच्या किंवा नानीच्या हातात ठेवतो. सगळ्यांना वाटतं, सोय झाली.

माझं म्हणणं असं आहे की ही सोय आपली होते, नानीची नाही. आणि जे काम आपण पिन मागून करतो, ते बँकेने घरी येऊन करावं असा नियम २०१७ पासून आहे.

आधी पिनचं बघू. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या सूचनांनुसार खातेदाराने स्वतः पिन दुसऱ्याला सांगितला आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचंच. तो दुसरा माणूस सख्खा नातू होता की परका, याने फरक पडत नाही. दुसरी अडचण प्रामाणिक नातवाचीच आहे. नानीचा इंतकाल झाला की त्या क्षणापासून खात्यातली रक्कम सगळ्या वारसांची होते. दफनविधीच्या खर्चासाठी म्हणून त्याच दिवशी कार्डाने काढलेले दहा हजारसुद्धा पुढे खाला आणि मामूंमधल्या भांडणाचं कारण ठरू शकतात. हिशोब मागितला तर नातवाकडे दाखवायला काहीच नसतं, कारण त्याला कुणी लेखी अधिकार दिलेलाच नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वात जास्त खटकते. ज्या बाईच्या नावावर पेन्शन येते, तिलाच खात्यात किती शिल्लक आहे हे माहीत नसतं. तिला जमातखान्याच्या कामाला किंवा एखाद्या गरजू भाचीला पाचशे रुपये गुपचूप द्यायचे असतील तर ते शक्य नसतं. प्रत्येक रुपयाचं कारण नातवाला सांगावं लागतं.

आता नियम काय म्हणतो ते बघा. ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की सत्तर वर्षांवरचे ज्येष्ठ नागरिक, तसंच अपंग किंवा दीर्घ आजाराने अशक्त झालेले लोक, ज्यात अंध व्यक्तीही आल्या, यांना मूलभूत सेवा घरपोच मिळाल्या पाहिजेत. त्या सेवाही नाव घेऊन सांगितल्या आहेत: पावती देऊन रोख आणि चेक घरून नेणं, खात्यातून काढलेली रोख घरी आणून देणं, डिमांड ड्राफ्ट पोचवणं, आणि केवायसीची कागदपत्रं व हयातीचा दाखला घरीच घेणं. मार्च २०२० मध्ये पुन्हा बजावलं गेलं की ही सेवा देशभर द्या, कोणत्या शाखांत ती बंधनकारक आहे याचं धोरण ठरवा आणि शाखांची यादी संकेतस्थळावर ठेवा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १२ सरकारी बँकांनी मिळून सामायिक घरपोच सेवाही सुरू केली.

कागदावर एवढं आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते माझ्या नानीच्या प्रकरणातून सांगतो. नानी ७८ वर्षांची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, आणि दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून घरातच. नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांची कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम तिच्या खात्यात येते. शाखा घरापासून दीड किलोमीटरवर.

शाखेत पहिलं उत्तर मिळालं, "त्यांना रिक्षात घालून आणा, पाच मिनिटांचं काम आहे." दुसऱ्या खेपेला सांगितलं गेलं की अंध व्यक्तीला चेकबुक आणि कार्ड देणं धोक्याचं आहे, मुलाचं नाव खात्यात घाला. ही दोन्ही उत्तरं नियमाला धरून नाहीत. अंध व्यक्ती कायद्याने करार करायला सक्षम आहे, म्हणून चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर यांपैकी काहीही अंधत्वाच्या कारणाने नाकारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे. संयुक्त खातं करावं की नाही हा नानीचा निर्णय, बँकेची अट नव्हे.

आम्ही वाद घातला नाही. एका पानाचा अर्ज लिहिला, त्यात नानीचं वय, खाते क्रमांक, हवी असलेली सेवा आणि २०१७ च्या परिपत्रकाची तारीख घातली. शेवटी एक वाक्य: सेवा देता येत नसेल तर कारण लेखी द्यावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. माझ्या अनुभवात सगळं वजन त्या शिक्क्याचं आहे. तोंडी नकार देणं सोपं असतं, लेखी देणं कठीण.

मग खरी अडचण समोर आली, ती सहीची. नजर गेल्यावर नानीची सही वळेनाशी झाली होती, बँकेतल्या नमुन्याशी जुळत नव्हती. यावरही वाट आहे. आजारी किंवा असमर्थ खातेदार अंगठा उठवू शकतो. तो अंगठा बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हाताचा अंगठा शक्य नसेल तर पायाचा चालतो, आणि तोही शक्य नसेल तर पैसे काढायच्या फॉर्मवर नुसती खूणही चालते. शाखेचा अधिकारी घरी आला, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दुसरे साक्षीदार झाले, आणि नोंद बदलली. त्याच वेळी खात्याला नानीचाच फोन नंबर जोडून घेतला. आधी तिथे मामूंचा होता, म्हणजे तिच्या खात्यात काय होतं ते सगळे संदेश त्यांना कळत आणि तिला नाही.

आता पैसे हवे असले की फोनवर मागणी नोंदवायची. तिच्या फोनवर एक कोड येतो, प्रतिनिधी घरी आला की कोड जुळवून बघायचा आणि मगच व्यवहार करायचा. पहिल्यांदा पाच हजार मागवले. प्रतिनिधीच्या यंत्रावर बोट तीनदा लावलं, तिन्ही वेळा नापास. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात, हे या यंत्रांचं नेहमीचं दुखणं आहे. मग कार्ड वापरलं. यंत्राला बटणं होती आणि मधल्या पाचवर उंचवटा होता, म्हणून नानीला स्वतः पिन दाबता आला. बटणांऐवजी काचेचा पडदा असता तर पुन्हा पिन दुसऱ्याला सांगायची वेळ आली असती. म्हणून मागणी नोंदवतानाच विचारा: यंत्र बटणांचं आहे का?

नोटा मोजणं हीसुद्धा वेगळी गोष्ट. दोनशेची आणि पाचशेची नोट रुंदीला सारखीच, लांबीत फरक फक्त चार मिलिमीटरचा. नानी आता सगळे पैसे शंभराच्या नोटांत मागते, म्हणजे गफलत उरतच नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं MANI हे ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेची किंमत बोलून सांगतं. ते नोट खरी की खोटी हे मात्र सांगत नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही घरीच झाला. फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे, पण त्यात डोळ्यांची उघडझाप टिपली जावी लागते आणि नानीच्या बाबतीत ती टिपली जाईना. अधिकाऱ्याने घरी येऊन कागदावर अंगठा घेतला. चेहरा ओळखला गेला नाही म्हणून पेन्शन अडकू द्यायची गरज नाही, जुना कागदी मार्ग खुला आहे.

एवढं सांगूनही ही व्यवस्था पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. सामायिक सेवेत एका फेरीचे ७५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८८ रुपये ५० पैसे कापले जातात. नानीला ते परवडतात. पण आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी विधवा श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या महिना १५०० रुपयांवर जगतात. त्यांच्यासाठी एका फेरीचा खर्च जवळजवळ सहा टक्के आहे. ज्या बाईला चालता येत नाही, तिने स्वतःचेच पैसे हातात घेण्यासाठी सहा टक्के का द्यावेत? अशा निवृत्तिवेतनाच्या खात्यांना महिन्यातून एक फेरी मोफत असावी, ही मागणी आपण जोरात करायला हवी. दुसरी मागणी छोटी आहे: कोड संदेशाने येतो तो बोलूनही सांगावा. अंध खातेदाराला तो वाचायला आज कुणाला तरी हाक मारावी लागते.

मर्यादाही माहीत असू द्या. घर शाखेपासून लांब असेल तर बँक हात वर करू शकते, अनेक ठिकाणी पाच किलोमीटरची अट असते. अशा वेळी पोस्टमन उपयोगी पडतो, तो आधार यंत्रावर इतर बँकेच्या खात्यातलेही पैसे घरी देतो, अर्थात बोट उठलं तर. पतसंस्थेत पैसे असतील तर मात्र रिझर्व्ह बँकेचे हे नियम तिथे लागू नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसाची पेन्शन कोणत्या खात्यात घ्यायची, हे ठरवताना व्याजाच्या आधी हे विचारा.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की खात्याला कुणाचा नंबर जोडलाय, आणि तिला स्वतःला काय हवंय. मग अर्ज लिहा, तिला वाचून दाखवा, अंगठा किंवा सही घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर त्याच प्रतीचा फोटो जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. सेवा सुरू झाली की नानीला नवा पिन ठेवायला सांगा, आणि तो काय आहे हे विचारू नका.