मागच्या रांगेची रेघ

दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे वाढले, तशी ग्रुप फोटोचं रेखाचित्र करून घेण्याची हौसही वाढली. कपावर, कॅलेंडरवर, फ्रेममध्ये सगळीकडे हीच चित्रं दिसतात. त्यात खाली सतरंजीवर बसलेले सहा-सात जण झकास उतरतात आणि पायऱ्यांवर उभी असलेली मागची रांग नुसती काळवंडते. डोळ्यांच्या जागी ठिपके, तोंडाच्या जागी फराटा. मग खापर फुटतं फोटो काढणाऱ्यावर, नाहीतर कॅमेऱ्यावर. माझ्या मते बहुतेक वेळा गुन्हेगार वेगळाच असतो: सगळ्या फोटोवर एकाच जाडीची रेघ फिरवणारा फिल्टर.

असाच एक फोटो समोर ठेवू. फाइल 6000 बाय 4000 पिक्सेलची आहे. मोबाइलच्या रुंद लेन्सने काढलेला, म्हणजे काढणारा अगदी जवळ उभा. पुढची रांग अडीच मीटरवर, मधली साडेचारवर आणि शेवटची साडेसात मीटरवर. अंतर तिप्पट झालं की चेहरा एक तृतीयांश होतो. पुढचा चेहरा हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत सुमारे 360 पिक्सेल भरतो, मधला 200 आणि मागचा जेमतेम 120. (हेच पाच मीटर खोलीचं टोळकं पुढच्या रांगेपासून दहा मीटरवर उभं राहून, झूम करून टिपलं असतं, तर मागचा चेहरा पुढच्याच्या दोन तृतीयांश आला असता. पण मेळाव्यात मागे सरकायला जागा असते कुठे!)

आता या फोटोवर 5 पिक्सेल जाडीची रेघ काढणारा फिल्टर लावला. चेहऱ्याच्या रुंदीच्या साधारण एक पंचमांश रुंद असा एक डोळा असतो. पुढच्या चेहऱ्यात तो 50 पिक्सेल रुंद आणि सतराएक पिक्सेल उंच येतो. वरच्या आणि खालच्या पापणीच्या रेघा मिळून 10 पिक्सेल गेले, तरी मध्ये सात उरतात. बुबुळ दिसतं, नजर कळते. मागच्या चेहऱ्यात डोळ्याची उंचीच सहा पिक्सेल आहे. दोन पापण्यांना दहा हवेत. रेघा एकमेकींवर चढतात आणि डोळा बुजतो. हा डाग फिल्टर बिघडल्यामुळे पडत नाही. फिल्टरने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. त्याला पिक्सेल कळतात, चेहरा केवढा आहे ते कळत नाही.

लोक इथे हमखास एक उपाय करतात: तपशिलाची पट्टी उजवीकडे ओढतात. त्याने डाग आणखी गडद होतो, कारण आता गालावरची सावली, मानेची सुरकुती, दातांमधल्या फटी या सगळ्यांच्या रेघा त्याच 120 पिक्सेलमध्ये कोंबल्या जातात. हसणाऱ्या माणसाचे दात पडल्यासारखे दिसू लागले, की समजावं पट्टी फार पुढे गेली आहे.

खरा उपाय रांगा वेगळ्या करण्याचा. GIMP सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फोटोच्या तीन प्रती एकावर एक ठेवायच्या, प्रत्येकीवर वेगळा फिल्टर लावायचा आणि मास्क करून प्रत्येक प्रतीतली फक्त आपापली रांग उघडी ठेवायची. मास्कची कड सरळ आडवी ओढू नये. ती माणसांच्या डोक्या-खांद्यांच्या कडेने फिरवावी, नाहीतर एखाद्याच्या हनुवटीशी रेघ अचानक जाड होते. Artistic गटातल्या Cartoon फिल्टरमध्ये Mask radius हा आकडा आहे. तो वाढवला की काळे भाग जाड होतात आणि तपशील घटतो. प्रत्येक रांगेसाठी तो वेगळा ठेवायचा.

किती वेगळा, इथे मात्र शाळेतलं त्रैराशिक फसवतं. चेहरा एक तृतीयांश, म्हणून रेघही एक तृतीयांश, म्हणजे पावणेदोन पिक्सेलच्या आत. मोठ्या प्रिंटवर हे चालेल. पण तोच फोटो A4 कागदाच्या लांबीवर छापला तर ही रेघ 0.08 मिलीमीटरच्या आसपास येते. छपाईवाले पाव पॉइंट, म्हणजे सुमारे 0.09 मिलीमीटर, ही बारीक रेघेची खालची मर्यादा धरतात. त्याखाली रेघ तुटते किंवा फिकट पडते. मोबाइलच्या पडद्यावर तर ती करडी होऊन जाते. मग मागची रांग डागाळत नाही, विरून जाते. दिसायला हे सभ्य, पण माणसं गेली ती गेलीच.

म्हणून मी मधला रस्ता धरतो. चेहरा एक तृतीयांश असेल तर रेघ साधारण तीन पंचमांश ठेवायची: पुढे 5, मध्ये 4, मागे 3 पिक्सेल. A4 वर ही मागची रेघ 0.15 मिलीमीटर येते आणि निभावते. पण चेहऱ्याच्या मानाने ती अजूनही जाडच आहे. मग तिची भरपाई कशी करायची? रेघा कमी करून. जाडी आणि तपशील हे दोन निर्णय वेगवेगळे घेताच येत नाहीत, आणि बहुतेक जण नेमके तिथेच फसतात. सहा पिक्सेलच्या डोळ्यात 3 पिक्सेलची एकच रेघ मावते. ती वरच्या पापणीला द्यायची, खालची पापणी पुसून टाकायची. नाकाच्या कडा नकोत, नाकाखालची सावली पुरते. ओठांच्या दोन रेघा नकोत, मिटल्या तोंडाची एक बस्स. दात दिसत असतील तर सलग पांढरी पट्टी, फटी नाहीत.

काय टाकायचं आणि काय ठेवायचं, यात भुवयांना हात लावू नये. पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. भुवया पुसल्यावर ओळख पटणं जास्त अवघड गेलं. लांबच्या चेहऱ्यात तर हे फारच उपयोगी पडतं, कारण भुवई म्हणजे आयती जाड रेघ. ती 3 पिक्सेलमध्ये आरामात बसते. तिच्याबरोबर केसांची बाहेरची कड, टक्कल, मिशी, चष्म्याची फ्रेम, मान कलती ठेवण्याची सवय, एवढं शाबूत राहिलं तर वर्गमित्र वर्गमित्राला ओळखतो. चष्म्याची काच मात्र पांढरी सोडा. आत डोळा काढायला गेलात तर गॉगल होतो.

मागच्या भिंतीच्या विटा, खिडकीची जाळी, झाडाची पानं यांना सगळ्यात कमी तपशील द्यावा. जाळी चेहऱ्यापेक्षा ठसठशीत दिसत असेल तर फिल्टर पुन्हा लावावा.

काम झालं की चित्र पडद्यावर मोठं करून बघण्यात अर्थ नाही. ज्या आकारात छापायचं त्या आकारात साध्या कागदावर एक प्रिंट काढा आणि बॅचमधल्याच कुणाला तरी, मूळ फोटो न दाखवता, मागच्या रांगेतली नावं विचारा. ज्या नावाशी तो अडेल, तेवढेच चेहरे हाताने दुरुस्त करा. सगळी रांग पुन्हा काढत बसू नका.

याला मर्यादा आहे. मागचा चेहरा मूळ फाइलमध्ये 40 पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर डोळ्याची उंची दोनच पिक्सेल उरते आणि पापणीची एक रेघही मावत नाही. मोठा करून फिल्टर लावला तरी नसलेला तपशील कुठून येणार? फॉरवर्ड होत होत आकसलेल्या फोटोची बहुधा हीच गत असते. तेव्हा आधी ज्याच्या मोबाइलने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या. ती मिळाली नाही, तर रेखाचित्राचा नाद सोडा आणि सरळ फोटोच छापा.