शब्द नव्हे, वाक्य अडवा

यूट्यूबवर बोलणाऱ्या आपल्या मुलामुलींवर शिव्यांचा मारा झाला की पहिला सल्ला मिळतो: ‘मुसलमान’ हा शब्दच ब्लॉक करून टाका. मला हा सल्ला पटत नाही. ब्लॉक केलेला शब्द असलेली प्रत्येक कमेंट तपासणीसाठी अडकते. मग शिवी देणारा आणि ‘मी मुसलमान नाही, पण तुझं म्हणणं पटलं’ असं लिहिणारा, दोघेही एकाच रांगेत. आपलंच नाव आपल्याच चॅनलवर आपणच का बंद करायचं?

ठरवून केलेला हल्ला ओळखू येतो. काही मिनिटांत अनोळखी खात्यांवरून एकच वाक्य येत राहतं, समजा ‘पाकिस्तानात जा’. ते वाक्य यादीत घाला, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. अक्षरं बदलून आलंच, तर त्या व्हिडिओवरच्या सगळ्या कमेंट चार दिवस रोखून धरा. अडकलेल्या कमेंट 60 दिवसच तपासता येतात. म्हणून धमक्यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, तारीख आणि खात्याच्या नावासकट. तक्रार द्यायची वेळ आली तर तोच पुरावा. नंतर ती खाती चॅनलवरून लपवा. त्यांना तशी सूचना जात नाही.

लाट ओसरली की रोखणं थांबवा. सभ्य भाषेत विरोध करणाऱ्याला बोलू द्यायलाच हवं.