शहर बदलले, पेन्शनचे काय? पहिला अर्ज जुन्याच कोषागाराकडे

निवृत्तीनंतर नाशिकहून पुण्यात मुलाकडे राहायला आलेले राज्य सरकारचे पेन्शनर बहुतेकदा आधी पुण्यातील बँकेत चौकशी करतात. पण त्यांची कागदपत्रे असतात नाशिकच्या कोषागारात. त्यामुळे पहिला अर्ज तिथेच द्यावा लागतो.

अर्जात काय लिहायचे?

‘मी पुण्यात कायम वास्तव्यास आलो आहे. माझे निवृत्तिवेतन पुणे कोषागारामार्फत पुढील बँक खात्यात जमा व्हावे, ही विनंती.’ त्याखाली पीपीओ क्रमांक, जुने व नवे खाते, आयएफएससी कोड, नवा पत्ता आणि मोबाइल नंबर द्यावा. सोबत नव्या पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

पैसे कुठे अडकतात?

नाशिक कोषागार पेन्शन थांबवून कागदपत्रे पुण्याला पाठवते. शेवटची पेन्शन कोणत्या महिन्याची दिली, ही नोंद त्यात नसेल, तर दुहेरी रक्कम जाऊ नये म्हणून पुण्यातून पेन्शन सुरू होत नाही. जुने खाते आधीच बंद केले असेल, तर तिथे पाठवलेली रक्कमही परत जाते. म्हणून नव्या पासबुकात पहिली पेन्शन दिसेपर्यंत जुने खाते चालू ठेवावे.

ईपीएस-९५च्या पेन्शनरांसाठी जानेवारी २०२५पासून केंद्रीकृत व्यवस्था आहे. शहर किंवा बँक बदलल्यास त्यांचा पीपीओ एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवावा लागत नाही. मग राज्याच्या पेन्शनरांनीच दोन कोषागारांमधील कागदाची वाट का पाहावी?